सहीच्या कडा

लकडगंजच्या अंगाला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी रिपोर्टच्या टेबलावर बसते. आत मशीनवर तपासण्या होतात, मॅडम स्क्रीनवर एकेक आकडा बघतात, बरोबर वाटला की मान्य करतात, आणि मग रिपोर्टच्या तळाशी त्यांची सही आपोआप बसते. कागद काढणं, तो पाकिटात घालणं, बाहेरच्या सेंटरांना फाईल पाठवणं हे माझं काम. मॅडम म्हणजे आमच्या पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर, लॅब त्यांचीच. मी त्यांच्याकडे लागले तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. आता माझी मुलगी बारावीत आहे.

त्यांची सही आधी फार वाईट दिसायची. कुणीतरी कधीतरी एका जुन्या रिपोर्टवरून ती स्कॅन केली होती. सहीच्या मागे मळकट राखाडी चौकोन, त्यात जांभळ्या शिक्क्याचा अर्धा तुकडा, आणि खालची छापील रेघ त्या चौकोनाखाली गडप. एकदा एका पेशंटची मुलगी कागद घेऊन काउंटरवर आली आणि म्हणाली, "ही सही तर चिकटवलेली दिसून राहिली. खरा आहे ना हा रिपोर्ट?" मॅडमनी ते आतून ऐकलं. मला फार लागलं. रिपोर्ट खरा, तपासणी खरी, आणि कागद मात्र बोगस वाटतो.

मी ठरवलं की ही सही नीट करायची. पहिल्यांदा त्याच जुन्या चित्रावर हात चालवला. प्रत्येक ठिपका एक तर पूर्ण काळा, नाही तर पूर्ण पांढरा करून टाकला. मळ गेला, पण सहीच्या कडा जिन्यासारख्या झाल्या, पायऱ्या-पायऱ्यांच्या. मग कळलं की खराब चित्रातून चांगलं निघत नाही. मॅडमना कोऱ्या पांढऱ्या कागदावर काळ्या जेल पेनने तीनदा सही करायला लावली, एरवीपेक्षा जरा मोठी. शिक्का वेगळ्या कागदावर मारून घेतला, म्हणजे दोन्ही एकमेकांत अडकायला नकोत. स्कॅनर इंचाला तीनशे ठिपक्यांवरून सहाशेवर नेला आणि चित्र असं साठवलं की साठवताना त्याचे बारीक तपशील उडणार नाहीत. मग कागदाचा राखाडीपणा पांढरा होईपर्यंत उजळला, शाई काळी होईपर्यंत गडद केली, पण कडेची ती केसाएवढी धूसर पट्टी ठेवली. तीच कडेला गोलाई देते. शेवटी पांढरा भाग पारदर्शक केला आणि काळ्या पडद्यावर धरून बघितलं. कुठे पांढरी किनार राहिली असती, तर तिथे लगेच चमकली असती. नव्हती. त्या मोठ्या फाईलमधून आमचं सॉफ्टवेअर स्वतःच एक लहान चित्र करून रिपोर्टवर बसवायचं.

दुसऱ्या दिवशी पहिला रिपोर्ट निघाला. सहीची शेपटी छापील रेघेवरून अलगद खाली उतरली होती, रेघ जशीच्या तशी शाबूत. मॅडमनी कागद उचलून उजेडात धरला. "अरे, ही तर मी आत्ताच केल्यासारखी वाटते," त्या म्हणाल्या. मी दिवसभर हवेत होते.

कन्हानला आमचं एक कलेक्शन सेंटर होतं. ते चालवणारा भाऊ तिथे रक्त घ्यायचा, नळ्या आमच्याकडे पाठवायचा आणि आम्ही पाठवलेला रिपोर्ट आमच्या छापील लेटरहेडवर काढून पेशंटला द्यायचा. बोलायला गोड, कामाला चटपटीत. त्या आठवड्यात त्याचा फोन आला. "ताई, माह्या प्रिंटरवर सही अजून धुरकटच येऊन राहिली. मोठी फाईल देता का? प्रिंटरचा दोष आहे का फाईलचा, ते पाहतो."

मला त्यात काही गैर वाटलं नाही. उलट माझं काम त्यालाही दिसावं असं वाटलं. मी फाईल पाठवली. तीही फोटो म्हणून नाही, कागदपत्र म्हणून, कारण फोटो म्हणून पाठवलं की मोबाईल तो दाबून लहान करतो आणि कडा बिघडतात. "पाहून झालं की डिलीट करा भाऊ," असं लिहिलं. त्याने अंगठा पाठवला. मी विसरून गेले.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी डेंग्यूचे पेशंट फार होते. एका सकाळी साडेदहाच्या सुमारास मॅडमच्या ओळखीच्या एका फिजिशियनचा फोन आला. फोन मीच उचलला. त्यांचा आवाज एरवी शांत असायचा. त्या दिवशी ते म्हणाले, "मॅडमना द्या. आत्ता."

मॅडम काचेच्या पलीकडे बोलत होत्या. मला फक्त त्यांचा चेहरा दिसत होता. मग दार उघडून त्यांनी मला एक नाव आणि रिपोर्टचा नंबर सांगितला. कन्हानकडचा तिशीतला माणूस, ताप, परवाचा रिपोर्ट, प्लेटलेट एक लाख पासष्ट हजार. म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही. त्यावर विसंबून तो दोन दिवस घरीच राहिला. आज हिरड्यांतून रक्त येत होतं म्हणून दवाखान्यात आणला, तर प्लेटलेट बावीस हजार.

मी नंबर टाकला. तो नंबर एका म्हातारीच्या थायरॉईडच्या रिपोर्टचा निघाला. नावाने शोधलं. त्या नावाचा पेशंट आमच्याकडे कधी आलेलाच नव्हता.

"मॅडम, हा रिपोर्ट आपण केलाच नाही," मी म्हणाले.

"मग माझी सही कशी त्याच्यावर?"

फिजिशियननी रिपोर्टचा फोटो मोबाईलवर पाठवला होता. लेटरहेड आमचं, खाली मॅडमची सही. फोटो हललेला होता, त्यात काही कळत नव्हतं. मॅडम खुर्चीत बसल्या. "कुणीतरी आपला जुना रिपोर्ट स्कॅन करून सही उचलली असेल," त्या म्हणाल्या. "आजकाल कुणीही करतं."

"हो मॅडम," मी लगेच म्हणाले. इतक्या लगेच की मलाच ते ऐकू आलं. कारण त्या क्षणी मला कन्हानचा भाऊ आणि तो अंगठा आठवला होता. पण मी स्वतःला सांगितलं, मॅडम म्हणतात तेच असेल. आपले शेकडो रिपोर्ट लोकांच्या घरात पडलेले असतात.

दुपारी पेशंटचा मोठा भाऊ तो कागद घेऊन आला. फिजिशियननीच त्याला पाठवलं होतं. शर्टाची बटणं वरखाली लागलेली, डोळे लाल. भांडायला आला असेल असं मला वाटलं. पण तो भांडला नाही. त्याने कागद काउंटरवर ठेवला आणि हळूच विचारलं, "ताई, हा तुमचाच आहे ना? मंग असं कसं झालं? आमी तर कागद पाहून निवांत झालो होतो. मी त्याले म्हटलं, झोप गा, काही नाही तुले."

"भाऊ, बसा. मी मॅडमना दाखवते," एवढंच मला बोलता आलं.

कागद आत नेण्याआधी मी तो माझ्या टेबलावर ठेवला. बारकोडचे बारीक आकडे वाचायला एक भिंग असतं माझ्याकडे. ते सहीवर धरलं.

छापील रिपोर्टवरून उचललेली सही कशी दिसते ते मला नीट माहीत होतं. ती उचलताना खालची रेघही सोबत येते. रेघ पुसावी, तर शेपटी त्या जागी तुटते. कागदाचे करडे कण अक्षरांच्या पोटात अडकून राहतात. इथे शेपटी अखंड होती. एक कणही नव्हता. तरी मी स्वतःला समजावलं, आमच्या पीडीएफमधून काढली असेल कुणी. मग पट्टी घेऊन मोजलं. आमच्या रिपोर्टवर सही साधारण तीन सेंटिमीटरची येते. ही पाचाच्या वर होती. आमच्या पीडीएफमधलं ते लहान चित्र एवढं ताणलं असतं, तर कडांना पायऱ्या पडल्याच असत्या, नाही तर धूर आला असता. या कडा ब्लेडने कापल्यासारख्या होत्या.

एवढी मोठी, एवढी स्वच्छ सही फक्त एकाच फाईलमधून येऊ शकत होती. आणि ती फाईल माझ्या कॉम्प्युटरच्या बाहेर एकदाच गेली होती.

मी भिंग खाली ठेवलं आणि बाथरूममध्ये गेले. नळ सोडला. तोंडावर पाणी मारत राहिले. आरशात बघवेना. डोक्यात पोलीस आले, हातकडी आली, माझी मुलगी आली. पारशिवनीला माझे वडील चारचौघांत बसलेत आणि कुणीतरी त्यांना माझ्याबद्दल विचारतंय, असंही दिसलं. आणि त्या सगळ्यात एक विचार फार स्वच्छ होता: हे कुणालाच कळणार नाही. मॅडमना सहीच्या कडांतलं काही कळत नाही. त्यांनी स्वतःच म्हटलं, कुणीतरी स्कॅन केली. मी फक्त मान हलवायची. मोबाईलमधला तो एक निरोप पुसून टाकायचा.

मी मोबाईल हातात घेतलाही. निरोप उघडला. "पाहून झालं की डिलीट करा भाऊ." अंगठा. बोट तिथे ठेवून मी किती वेळ उभी होते, माहीत नाही. बाहेर काउंटरवर तो माणूस कुणाला तरी फोनवर सांगत होता, "नाही वं माय, रडू नको. पोरगा बोलून राहिला ना अजून."

मग मला भलतीच भीती वाटली, आतापर्यंतच्या भीतीपेक्षा मोठी. या माणसाच्या भावाला निदान कळलं तरी. पण असे अजून किती कागद बाहेर असतील? आत्ता, या दुपारी, कुणीतरी असाच कागद उशाखाली ठेवून निवांत पडलेलं असेल. आणि तो कुठून निघाला हे ओळखू शकणारी मी एकटीच होते.

मी मॅडमच्या खोलीत गेले. दार लावलं. "मॅडम, ही सही स्कॅन केलेली नाही. ही माझी फाईल आहे. मी कन्हानच्या भाऊंना पाठवली होती."

त्यांनी चष्मा काढला. "काय म्हणालीस?"

मी मोबाईल त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांचा आवाज चढला नाही, तेच जास्त भीतीदायक होतं. "काहून पाठवली? मला विचारायचं नाही? ती माझी सही आहे. तुझं काम नाही ते, माझं नाव आहे."

मी रडले नाही. फक्त म्हणाले, "मॅडम, माझं काय करायचं ते नंतर ठरवा. आधी बाकीचे पेशंट शोधू. त्याने अजूनही दिले असतील."

त्यांनी टेबलावरची गाडीची किल्ली उचलली. "चल."

बाहेर त्यांनी पेशंटच्या भावाला स्वतः सांगितलं की रिपोर्ट आमच्या लॅबचा नाही, खोटा आहे, आणि तो कुठून आला ते आम्ही शोधायला निघालोय. त्याला पुरतं कळलं की नाही, कोण जाणे. तो हात जोडून दवाखान्याकडे परत गेला. ते जोडलेले हात मला बघवले नाहीत.

कामठीच्या रस्त्याने आम्ही कन्हानला पोहोचलो.

सेंटर चालवणारा भाऊ एकटाच होता. मॅडमना दारात बघून तो उठला आणि पुन्हा बसला. मॅडमनी कागद पुढे केला. "हे सॅम्पल कुठाय?"

"मॅडम, ते... ते गोठलं होतं."

"मग पुन्हा घ्यायचं!"

"पेशंट पुन्हा येत नाही म्हणून राहिला होता मॅडम. लोक चिल्लावतात, एकदा दिलं ना रक्त म्हणून. मी म्हटलं, नॉर्मलच असन. पोरगा धडधाकट दिसून राहिला होता." मग तो माझ्याकडे वळला. "ताई, तुमीच सांगा ना मॅडमले. तुमीच तर दिली होती सही."

मला वाटलं जमीन दुभंगावी. मॅडम म्हणाल्या, "तिने सांगितलंय मला. तिने काय केलं ते तिचं ती बघेल. तुम्ही कॉम्प्युटर उघडा."

त्याच्याकडे एक फोल्डर होता. त्यात टाईप केलेले आमच्यासारखे रिपोर्ट, प्रत्येकाच्या खाली ती सही, खेचून मोठी केलेली. लहान सही लोकांना दिसत नाही, असं तो म्हणाला. अकरा होते. बहुतेक अशाच नळ्यांचे: गोठलेल्या, फुटलेल्या, गाडी चुकल्याने पडून राहिलेल्या. पहिला खोटा रिपोर्ट करताना त्याला भीती वाटली असेल का, असं मला त्या वेळीही वाटलं. त्याच्या चेहऱ्याकडे बघून वाटलं, वाटली असेल. आणि मग हळूहळू गेली असेल.

मॅडमनी फोल्डरची प्रत घेतली, आमच्या लेटरहेडचं बंडल उचललं आणि पोलिसांना फोन केला. मी तिथल्याच स्टुलावर बसून एकेका पेशंटला फोन लावायला सुरुवात केली. पलीकडून जिवंत माणसाचा आवाज येईपर्यंत मी श्वास घेत नव्हते. "तुमचा रिपोर्ट चुकलाय, रक्त पुन्हा द्यावं लागेल, घरी येऊन घेतो." कुणी शिव्या दिल्या. कुणी "बरं" म्हणून ठेवून दिला. नऊजण लागले. दहावा तो दवाखान्यात होताच.

अकरावी एक बाई होती, पारशिवनीजवळच्या एका गावातली, वय पंचावन्न. तिचा रिपोर्ट तीन आठवडे जुना: हिमोग्लोबिन साडेबारा. फोन बंद.

मी रात्रभर जागी होते. सकाळी पहिल्या गाडीने गेले. तो भाग माझ्या माहेरचा, रस्ते ओळखीचे. गावात शिरताना कुणाच्या घरासमोर माणसं जमलीत का, हेच मी बघत होते. चौकात एका पोराने घर दाखवलं. दार उघडं होतं. ओट्यावर एक बाई भिंतीला टेकून तूर निवडत बसली होती. माझा जीव भांड्यात पडला. मग जवळ गेले आणि तिची नखं दिसली. कागदासारखी पांढरी.

"माय, तब्येत कशी आहे?"

"थकवा लय येते वं. पायरी चढली का धाप लागते. पण रिपोर्ट तं चांगला आला होता ना." तिने मुलाला आतून कागद आणायला लावला. प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला. त्यावर ती सही, पाच सेंटिमीटरची, झळझळीत.

मी रक्त घेऊ शकत नाही, ते माझं काम नाही. तिच्या मुलाला घेऊन तिला त्याच दुपारी तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. हिमोग्लोबिन साडेपाच निघालं. तिला दाखल करून रक्त चढवलं. तिच्या मुलाने मला विचारलं, "तुमी कोन?" मी खरं सांगितलं. तो म्हणाला, "आता जा तुमी." मी गेले. त्याने काय बोलायला हवं होतं, ते मला आजही ठरवता येत नाही.

पोलीस स्टेशनमध्ये माझा जबाब झाला. निरोप, तारीख, फाईल, सगळं मी दिलं. कडांचं मी तिथेही समजावून सांगितलं, पट्टी ठेवून. साहेबांनी ते दोनदा विचारलं आणि लिहून घेतलं. भाऊंवर गुन्हा दाखल झाला, सेंटर बंद झालं. माझं नाव साक्षीदारांत आलं. आरोपींत येईल, या भीतीत मी कितीतरी महिने काढले. दाराची बेल वाजली की आजही मी आधी खिडकीतून बघते.

मॅडमनी मला काढलं नाही. का नाही, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण बरेच दिवस त्या माझ्याशी फक्त कामापुरतं बोलायच्या. सहीची मोठी फाईल त्यांनी माझ्यासमोर कॉम्प्युटरवरून पुसली. सॉफ्टवेअरवाल्याला बोलावून सही त्यांच्या पासवर्डमागे टाकली आणि प्रत्येक रिपोर्टवर एक चौकोनी कोड लावला, तो मोबाईलने बघितला की खरा रिपोर्ट लॅबच्या पानावर उघडतो. एका संध्याकाळी पर्स खांद्याला लावता लावता त्या म्हणाल्या, "तू त्या दिवशी गप्प बसली असतीस, तर मला कधीच कळलं नसतं." त्या रागाने म्हणाल्या की कशाने, मला ओळखता आलं नाही.

तो तिशीतला माणूस नऊ दिवस दवाखान्यात होता. महिन्याभराने तपासणीसाठी तो आमच्याच लॅबमध्ये आला. गाल बसलेले, पण चालत आला. त्याचा मोठा भाऊ सोबत नव्हता. मी पावती केली. तो मला ओळखत नव्हता. रक्त देऊन कोपराच्या आतल्या बाजूला कापूस दाबत तो काउंटरशी उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, रिपोर्ट कधी भेटन?"

"चार वाजेपर्यंत थांबाल का? मी हातातच देते," मी म्हणाले. तो बाकावर बसला, आणि मी दर थोड्या वेळाने आत जाऊन मशीनवरचा त्याचा आकडा आला का, ते बघत राहिले.